शुक्रवारी रात्रीचा शनिवार

परिसंवादाच्या सगळ्या समित्यांमध्ये वाहतूक समिती कोणालाच नको असते. भोजन समितीची जिलबी जमली तर चार लोक मुद्दाम सांगायला येतात. पाहुणा वेळेवर पोचला तर मात्र तो स्वतःच्याच पायांनी आला, असं सगळे धरून चालतात. ही समिती माझ्याकडे आली, कारण पहिल्या बैठकीला वेळेवर पोचलेला मी एकटाच होतो. अध्यक्ष म्हणाले, "यांना वेळेची जाण आहे." त्यावर टाळ्या वाजल्या आणि विषय संपला.

आमचा परिसंवाद जानेवारीतल्या १७ आणि १८ तारखेला, शनिवार-रविवारी होता. स्थळ पुणे, कर्वे रस्त्याजवळचं महाविद्यालय. बाहेरगावचे वक्ते चार आणि गाड्या तीन: मामांची इनोव्हा, अण्णांची अर्टिगा आणि एका नव्या पोराची डिझायर. पोराला सगळे छोटू म्हणत. तो सहा फूट उंच होता.

पहिलं काम वक्त्यांकडून विमानाची माहिती काढायचं. दिल्लीच्या सरांनी कळवलं, "शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाने येतो." दिल्लीहून संध्याकाळी पुण्याला एकच विमान येत असतं तर या वाक्याला अर्थ होता. कोलकात्याच्या प्राध्यापकांनी तिकिटाचा फोटो पाठवला, त्यात खिडकीची सीट आणि पनीर रोल एवढंच स्पष्ट दिसत होतं. म्हणून माझा हट्ट असतो की तिकिटाची पीडीएफ पाठवा. त्यातल्या पाच गोष्टी मी तक्त्यात स्वतः उतरवून घेतो: तारीख, विमानाचा क्रमांक, सुटण्याची वेळ, उतरण्याची वेळ आणि टर्मिनल. टर्मिनल मुंबईसाठी. तिथे टी-१ आणि टी-२ यांचं नातं शेजारच्या खोल्यांसारखं वाटतं, पण मधे काही किलोमीटरचा रस्ता आहे आणि त्यावर मुंबईची वाहतूक आहे. शिवाय टी-२ म्हणजे परदेशी विमानं, हा गैरसमज. देशातली कितीतरी विमानंही तिथेच उतरतात.

खरी गंमत होती जर्मनीच्या बाईंच्या तिकिटात. फ्रँकफर्टहून १६ तारखेला दुपारी निघून मुंबईत टी-२ला १७ तारखेला ००:३५. आमच्या खजिनदारांनी तक्ता वाचला आणि म्हणाले, "१७ म्हणजे शनिवार ना? मग शनिवारी रात्री गाडी पाठवू. शुक्रवारचं भाडं वाचलं."

"अहो, ००:३५ म्हणजे शुक्रवारी रात्री जेवून झोपल्यावरची वेळ. शनिवारी रात्री गाडी गेली तर बाई चोवीस तास विमानतळावर बसतील."

"पण तारीख तर १७ आहे!"

तारीख १७च आहे आणि गाडी १६ला निघायला हवी. मध्यरात्रीनंतरच्या दोन-तीन तासांत येणाऱ्या प्रत्येक विमानापुढे मी आता तारखेबरोबर वार लिहितो, आणि तोही पोटभर: 'शुक्रवारी रात्रीचा शनिवार'. वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात, त्यामुळे उतरण्याच्या वेळेत साडेचार तास मिळवायचा उत्साहही कोणी दाखवू नये. मुंबईचं ००:३५ हे मुंबईचंच असतं.

मग त्यावरून उलटं मोजत जायचं. विमान ००:३५ला टेकलं तरी बाई ००:३५ला बाहेर येत नाहीत. इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा, कस्टम्स, असं करत तास-सव्वा तास धरावा. म्हणजे पावणेदोन. मामांनी साडेबारापर्यंत तिथे असलं की पुरे. पण शुक्रवारी संध्याकाळी पुण्यातून बाहेर पडणं हाच एक प्रवास असतो, त्यात खालापूरच्या आसपास जेवण. म्हणून साडेसातला निघायचं. परतीला दोनला निघून घाट चढून साडेपाच-सहाला पुणे. यातून तीन निर्णय आपोआप निघाले. मामांना शुक्रवारी संध्याकाळी लोहगावला पाठवायचं नाही. बाईंचं सकाळी दहाचं भाषण दुपारी तीनला न्यायचं. आणि शनिवारी सकाळी सहा ते दुपारी एक मामांच्या रकान्यात 'झोप' असं लिहायचं.

या 'झोप'वर समितीत बराच खल झाला. रकाना रिकामा ठेवला असता तर सकाळी आठला कोणीतरी "मामा मोकळेच आहेत" म्हणून त्यांना फुलं आणायला मंडईत पाठवलं असतं. लिहिलेलं असलं की ती ड्युटी ठरते, आणि ड्युटीवरच्या माणसाला कोणी उठवत नाही.

बाईंच्या फोनला इथलं सिम नसणार, म्हणून भेटीची जागा आधीच ठरवली: आगमनाचं दार, हातात नावाची पाटी. पाटीचं काम स्वागत समितीने आवडीने अंगावर घेतलं. सुंदर सुलेखन, कोपऱ्यात पैठणीचा मोर, आणि नाव देवनागरीत! बाईंनी ते कौतुकाने पाहिलं असतं आणि पुढे निघून गेल्या असत्या. शेवटी मागच्या बाजूला मार्करने रोमन अक्षरांत नाव लिहून मामांना बजावलं, "मोर आपल्याकडे ठेवा."

लोहगावचं गणित वेगळं. वेळापत्रकाप्रमाणे दिल्लीचे सर १७:४०ला, नागपूरच्या ताई १८:०५ला आणि कोलकात्याचे प्राध्यापक १९:४५ला. दिल्ली आणि नागपूर यांच्यात पंचवीसच मिनिटांचं अंतर, म्हणून दोघांना अण्णांच्या अर्टिगात बसवलं आणि कोलकाता छोटूकडे दिलं. छोटूला बोलावलं मात्र सहापासून. खजिनदार लगेच म्हणाले, "पावणेआठच्या विमानाला सहापासून गाडी?"

दिल्लीत जानेवारीत धुकं असतं आणि सरांना उशीर झाला तर त्यांच्यासाठी एक गाडी हाताशी हवी, हे त्याचं उत्तर. सर दुपारी निघणार, तोवर धुकं विरलेलं असणार, हे खरं. पण विमान दिवसभर गावोगाव फिरत असतं. सकाळच्या फेरीला धुक्याने अडवलं की तो उशीर दुपारच्या फेरीपर्यंत पोचतो. म्हणून क्रमांकावरून आपलं विमान शोधताना मी 'वेळेवर' या शब्दावर विसंबत नाही. ते विमान याआधी कुठून येतंय आणि तिथून सुटलं का, ते बघतो.

आणि ड्रायव्हरला निघायला सांगायचं ते विमानाने जमीन सोडल्यावर. दिल्ली-पुणे साधारण दोन तासांहून थोडं अधिक, कर्वे रस्ता ते लोहगाव संध्याकाळी सव्वा तास. म्हणजे उड्डाण झाल्यावर निघूनही गाडी आधी पोचते, आणि उड्डाणच झालं नाही तर ड्रायव्हर चहा पीत आपल्या नजरेसमोर असतो. नागपूरला हा नियम चालत नाही. ते विमान हवेत तासाभराहून थोडंच जास्त असतं, आणि तेवढ्यात आपण फार तर येरवड्याला असतो. तिथे वेळापत्रकावरच भरवसा ठेवून निघावं लागतं.

शुक्रवारी झालं तसंच. दिल्लीचं १५:२५ला सुटणारं विमान १७:१०ला उडालं. पावणेदोन तास उशीर, पण उतरायची अंदाजे वेळ १९:१५. थोडा उशीर ते वाटेत भरून काढतात, कारण वेळापत्रकातच कंपन्यांनी हात राखून ठेवलेला असतो. नागपूर मात्र अगदी घड्याळावर. ताईंना सरांसाठी तासभर बसवून ठेवण्यात अर्थ नव्हता. अण्णा ताईंना घेऊन निघाले आणि सर छोटूकडे गेले. ते पावणेआठला बाहेर, प्राध्यापक सामान घेऊन सव्वाआठला. अर्धा तास सरांनी कॉफीवर काढला. दोघांनाही गाडीचा नंबर, छोटूचा फोन आणि तो नेमका कुठे उभा आहे, हे एकाच निरोपात गेलं होतं. ॲपवरच्या टॅक्सी तिथे एरोमॉलमधून सुटतात, आणि निरोप मिळाला नाही तर पाहुणा सरळ त्या गर्दीमागे चालत जातो. वर्णनात 'उंच मुलगा' असं मी घातलं होतं. "छोटू येईल" एवढंच कळवलं असतं तर सर लहान मूल शोधत बसले असते.

आणताना उशीर झाला तर गाडी थांबते. सोडताना उशीर झाला तर विमान थांबत नाही. म्हणून परतीचा हिशेब जास्त कडक. सरांचं विमान रविवारी १८:५०ला. देशातल्या उड्डाणांचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात, म्हणजे १७:५०. दाराशी १७:१०ला असावं. रस्ता एक तास, वर पंधरा मिनिटं सिग्नल आणि लग्नाच्या वराती यांच्यासाठी, म्हणजे १५:५५. इथवर कोणीही पोचतो. न मोजलेली वेळ पुढे असते: "निघू या" म्हटल्यापासून गाडीचं दार लागेपर्यंतची. मी ती तक्त्यात उघड लिहिली. '२५ मिनिटं – फोटो, ओळखी, चपला.' म्हणजे सभागृहातून १५:३०.

उघड लिहायचं कारण असं की आमच्याकडे प्रत्येकजण आपापली पंधरा मिनिटं गुपचूप लपवतो, आणि लपवली आहेत हे बाकीच्यांना ठाऊक असतं. मी साडेतीनला गाडी म्हटलं की निवेदक मनात पावणेचार करतो आणि अध्यक्ष "अजून वेळ आहे" म्हणून दोन शब्द बोलायला उठतात. अध्यक्षांचे दोन शब्द वीस मिनिटांचे असतात. मोकळा वेळ एकाच ठिकाणी, एकाच्याच नावावर आणि कारणासकट लिहिला की त्यावर हात टाकताना माणूस थोडा कचरतो.

तरी एक गोष्ट राहिली होती, श्रीफळ. सत्काराला शाल आणि नारळ ओघानेच आले, पण अख्खा नारळ विमानात हातातल्या सामानातून नेऊ देत नाहीत. सुरक्षा तपासणीच्या रांगेत पाहुण्याला नारळासह उभं करणं म्हणजे त्याच्या सत्काराचा पंचनामाच. त्यामुळे सत्कार भाषणाआधी उरकायचा, आणि नारळ ड्रायव्हरने विमानतळाच्या दाराशी परत मागून घ्यायचा, असा ठराव झाला. छोटूने तो इतका मनावर घेतला की सर उतरल्याबरोबर त्यांची बॅग काढायच्या आधी त्याने नारळासाठी हात पुढे केला.

सोमवारी खजिनदार ड्युटी स्लिपा घेऊन आले. गॅरेज ते गॅरेज किलोमीटर, आठ तास-ऐंशी किलोमीटरच्या पॅकेजवरचे जादा तास, मामांचा रात्रीचा भत्ता, सगळं त्यांनी तपासलं. मग चष्मा कपाळावर सरकवून एका ओळीवर बोट ठेवलं.

"शुक्रवारी डिझायर पावणेदोन तास नुसती उभी होती. त्याचे पैसे आपण का द्यायचे?"

"ती उभी होती म्हणूनच दिल्लीचे सर आले. आपण विकत घेतलं ते उभं राहणंच."

त्यांनी बराच विचार केला. पटल्यासारखं दिसलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पण पुढच्या वर्षी उभी राहणारच असेल, तर ती मंडईत उभी करू. येताना फुलंही येतील."