सासूबाई, बटवा आणि इंग्रजीची इस्त्री

1956 साली मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तेव्हा सचिवालयातल्या फायलींच्या मागोमाग बरीच मराठी घरंही तिकडे गेली. अशाच एका घरात सून म्हणून आलेल्या बाईंची कल्पना करा. भोपाळच्या जुन्या शहरात जरीकामाचे बटवे होतात, ती कला त्यांनी उचलली आणि आता परदेशातल्या एका हस्तकला प्रदर्शनाच्या अर्जासाठी त्यांना शंभर शब्दांत इंग्रजी परिचय द्यायचा आहे. बाईंनी तो एका दमात लिहिला: ‘मायसेल्फ हेलिंग फ्रॉम सावनेर, सेटल्ड इन भोपाळ सिन्स ट्वेंटी टू इयर्स. आय पास्ड आऊट इन 1998. आय ॲम डूइंग बटवा वर्क विच आय लर्न्ट फ्रॉम माय मदर-इन-लॉ ओन्ली. शी वॉज व्हेरी स्ट्रिक्ट बाय नेचर. सेव्हन टाइम्स शी मेड मी ओपन माय फर्स्ट बटवा. आय गॉट स्टेट अवॉर्ड.’ आता हा कागद घरातल्या, शेजारातल्या किंवा कचेरीतल्या एखाद्या ‘इंग्रजी चांगलं असलेल्या’ माणसाकडे जातो. तो माणूस संध्याकाळपर्यंत त्याला अशी कडक इस्त्री करतो की कागदावर एकही सुरकुती उरत नाही. बाईही उरत नाहीत. उरते ती दोन दशकांहून अधिक काळ भारतीय वारशाप्रती समर्पित असलेली एक ‘पॅशनेट’ कलाकार. या वर्णनात बटव्याऐवजी बासरी किंवा बोन्साय घातलं तरी कुठे टाका उसवत नाही.

माझं म्हणणं असं आहे की माणसाचा आवाज व्याकरणाच्या चुकांमध्ये नसतो, त्यामुळे चुका काढल्याने तो जात नाही. तो असतो त्याने काय सांगायचं ठरवलं, कोणत्या क्रमाने आणि किती मोठं करून सांगितलं, यात. ‘सिन्स’च्या जागी ‘फॉर’ घाला, ‘मायसेल्फ’ला निरोप द्या, ‘आय ॲम डूइंग’चं ‘आय मेक’ करा. बाईंचं काही जात नाही. पण बावीस वर्षांची ‘दोन दशकांहून अधिक’ केलीत की मोजून सांगणारी बाई गेली आणि भाषण ठोकणारा कुणीतरी आला. याचा पुरावा भोपाळातच आहे. भज्जू श्याम हे पाटनगढचे गोंड चित्रकार भोपाळला येऊन काका जनगढसिंह श्याम यांच्या हाताखाली शिकले आणि 2002 साली एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला लंडनला गेले. त्या प्रवासावरचं ‘द लंडन जंगल बुक’ हे त्यांचं पुस्तक तारा बुक्सने 2004 मध्ये काढलं. त्यांनी सांगितलं ते गीता वुल्फ आणि शिरीष राव यांनी इंग्रजीत उतरवलं, आणि ते इंग्रजी अगदी निर्दोष आहे. तरीही बिग बेनचा कोंबडा झाला आहे, कारण गोंडांना वेळ सांगणारा कोंबडाच. आणि रात्री पबकडे निघालेले इंग्रज वटवाघळं झाले आहेत. व्याकरण शंभर टक्के साहेबाचं, नजर शंभर टक्के पाटनगढची. संपादकांनी कोंबडा काढून तिथे ‘भव्य वास्तू’ घातली असती, तर व्याकरणाच्या एकाही नियमाला धक्का लागला नसता.

म्हणून खरी गंमत चुकीच्या वाक्यांपेक्षा बरोबर वाक्यांत असते. बाईंच्या परिचयातलं सर्वांत धोक्याचं वाक्य कोणतं? सात वेळा बटवा ‘ओपन’ करायला लावला, हे. व्याकरणदृष्ट्या त्यात खोट नाही. कोणताही तपासनीस त्यावर लाल रेघ मारणार नाही. पण परदेशी वाचकाला दिसेल ते एवढंच: सासूने सुनेला सात वेळा बटव्याचं तोंड उघडायला लावलं, बहुधा पैसे मोजायला. बाईंना म्हणायचंय उसवायला लावलं, आणि त्याला इंग्रजीत ‘अनपिक’ हा शिवणकामातला नेमका शब्द आहे. तो एक शब्द बदलला की सासूबाई हिशेबनीस न राहता गुरू होतात. ‘ओन्ली’चं तसंच. बाईंच्या मनातला ‘सासूबाईंकडूनच’ मधला ‘च’ कौतुकाचा असेल, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून शिकले नाही असं सांगणारा. इंग्रजी वाचक मात्र यातला दुसराच अर्थ घेईल, आणि तोही कदाचित थोड्या सहानुभूतीने. इथे दुरुस्ती करणाऱ्याने अंदाज बांधू नये, बाईंना विचारावं. ‘स्टेट अवॉर्ड’च्या आधी ‘अ’ लावायचा की ‘द’, हेही विचारावंच लागतं. मराठी-हिंदीत ही उपपदं नाहीत, म्हणून आपण ती मिठासारखी चवीपुरती घालतो. पण ‘द’ घातला की त्या पुरस्काराची बाकीची मानकरी मंडळी एका अक्षरात बाद होतात. हा व्याकरणाचा नाही, वस्तुस्थितीचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर शब्दकोशात नसून बाईंच्या कपाटातल्या प्रमाणपत्रावर आहे.

यावर कुणी म्हणेल, एवढी धुलाई तरी कशाला? भारतीय इंग्रजी हीसुद्धा इंग्रजीच आहे, असं ब्रज काचरू यांच्यासारख्या भाषातज्ज्ञाने आयुष्यभर मांडलं. मान्य. अर्ज भोपाळातच वाचला जाणार असेल तर ‘पास्ड आऊट’ला हातही लावू नये, इथे ते सगळ्यांना कळतं. पण समितीत अमेरिकन असेल तर बाई 1998 मध्ये बेशुद्ध पडल्या, एवढीच त्यांची शैक्षणिक पात्रता तो नोंदवेल. तेव्हा प्रश्न शुद्ध-अशुद्धाचा नाही, वाचणारा कोण याचा आहे. ‘स्ट्रिक्ट बाय नेचर’ मात्र अमेरिकेतही कळतं, जरासं देशी वाटतं आणि सासूबाईंना नेमकं बसतं. ते राहू द्यावं. दुसरा कुणी उलट्या बाजूने येईल: समितीसमोर अर्जांचा ढीग असतो, तिला आवाज ऐकायला वेळ कुठे? अहो, म्हणूनच तर! ढिगातल्या सगळ्याच ‘पॅशनेट’ लोकांमध्ये सात वेळा उसवलेला बटवा एकच असणार. परिचय तृतीय पुरुषात लिहायचा नियम असेल, तर तो पाळायलाच हवा. पण तेव्हा हेही ध्यानात ठेवावं की ‘माझ्या सासूबाई कडक होत्या’ ही लाडिक तक्रार आहे आणि ‘त्यांच्या सासूबाई कडक होत्या’ ही पोलिसात दिलेली. उसवण्याचं वाक्य त्याला जोडूनच घेतलं की कडकपणाचं कारण कळतं आणि तक्रार मागे घेतली जाते.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड, कारण तो स्वतः बाईंचाच असतो: मला नको तो माझा आवाज, मला ते चकचकीत इंग्रजी हवं. नायजेरियाच्या अमोस टुटुओला यांची ‘द पाम-वाइन ड्रिंकर्ड’ ही कादंबरी फेबर या लंडनच्या प्रकाशनाने 1952 मध्ये त्यांच्या आडवळणी इंग्रजीसह जवळजवळ तशीच छापली, दुरुस्त्या केलेल्या हस्तलिखिताचं एक पान नमुन्यादाखल आत घातलं. लंडनचे समीक्षक खूश झाले आणि नायजेरियातले शिकलेले लोक संतापले की हे वाचून जगाला आपण अडाणी वाटू. तो संताप पोकळ नव्हता. दुसऱ्याचं मोडकं इंग्रजी गोड मानून घेणं ही चांगलं इंग्रजी येणाऱ्यांची चैन असते. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने बाईंसमोर दोन मसुदे ठेवावेत, दोन्ही व्याकरणशुद्ध, आणि त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगावं. जिथे जीभ अडखळते ते वाक्य त्यांचं नाही. एवढं करूनही बाई ‘पॅशनेट’च हवं म्हणतील तर ‘पॅशनेट’ राहू द्यावं. परिचय त्यांचा आहे. उसवण्याचं वाक्य मात्र त्यांनी खोडलं, तर कारण एकदा विचारून बघावं. बहुतेक ते भाषेचं नसेल. नणंदा इंग्रजी वाचतात, असं निघेल.