मांजराची लाळ

कुत्र्याने लाळ गाळली तर कुणी मान वर करून बघत नाही. मांजराने गाळली की घरात सभा भरते. दिवसभर अंग चाटून परीटघडीचं राहणाऱ्या प्राण्याला हे शोभत नाही, असं सर्वांचं मत पडतं.

शेजारच्या काकूंची मनी मात्र लहानपणापासूनच गाळते. मालिका सुरू झाली की मांडीवर चढते, डोळे अर्धे मिटते आणि पुढच्या पंजांनी कणीक तिंबल्यासारखी मांडी दाबू लागते. पिल्लू असताना आईचं पोट असं दाबलं की पान्हा सुटायचा. आता दूध मिळत नाही, पण तोंडाला ते कोण सांगणार? ही लाळ पाण्यासारखी पातळ, बिनवासाची. मनी मांडीवरून उतरली की बंद.

एकदा मात्र मालिका नसतानाही हनुवटी ओली दिसू लागली, तीही डावीकडेच. लाळ चिकट, वास येणारी, किंचित गुलाबी. मनी भुकेने वाटीकडे धावायची, दाणा उचलायची, मान वाकडी करून टाकून द्यायची आणि वाटीवरच फिस्कारायची. "नखरे वाढलेत हिचे," काकू म्हणाल्या. डॉक्टरांनी ओठ उचलला. खालच्या सुळ्यामागच्या दाढेवर हिरडी लालभडक होऊन चढली होती. मांजरांत शरीर स्वतःच कधीकधी आपला दात विरघळवू लागतं. का, ते अजून नीट उमगलेलं नाही. ही कीड नव्हे, त्यामुळे चांदी भरून भागत नाही. भूल देऊन एक्स-रे काढला आणि दाढ उपटली.

मळमळणाऱ्या मांजराचं वेगळं असतं. दुखणाऱ्याला खायचं असतं पण जमत नाही. मळमळणारं वाटी हुंगून तोंड फिरवतं, ओठ चाटतं, सारखं गिळत राहतं. म्हाताऱ्या मांजरात असं दिसलं तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी.

विषाची लाळ अचानक येते. मनी प्लँटचं पान चावलं तर त्यातले सुईसारखे स्फटिक तोंडात रुततात आणि मांजर पंजाने तोंड ओरबाडतं. त्रासदायक, पण बहुधा जिवावर बेतत नाही. कुत्र्याच्या गोचिडांचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराच्या अंगाला लागलं तर मात्र लाळेपाठोपाठ कातडी थरथरते, झटके येतात. तिथे मिठाचं पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती पराक्रम नको. औषधाचं पाकीट घ्यावं आणि लगेच दवाखाना गाठावा.

दाढ काढल्यावर मनीला कडू गोळी होती. पहिल्याच दिवशी तोंडाला असा फेस आला की काकूंनी फोनवर रडायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, गोळी जिभेला लागली असेल, थोड्या वेळात थांबेल. थांबलाही. मनीचा रुसवा मात्र आठवडाभर टिकला, आणि तेवढे दिवस मालिका काकूंनी कोरड्या मांडीने पाहिली.