ओट्यावरची कोंबडी

रविवारचा बेत कोंबडीचा आहे, हे घरात शनिवारपासून सगळ्यांना माहीत असतं. कोंबडीलाच कोणी सांगत नाही. ती फ्रीझरमध्ये दगड होऊन पडून राहते, रविवारी सकाळी आठला ओट्यावरच्या ताटलीत येते, आणि बारा वाजता कोणीतरी बोट दाबून निकाल देतं, "मधे अजून कडक आहे, राहू दे."

मधे कडक आहे, हीच तर गोम. आत बर्फ असतो तेव्हा वरचा थर कधीच ऊबदार झालेला असतो. फ्रीझरनं जंतूंना मारलेलं नसतं, नुसतं झोपवलेलं असतं. ४ ते ६० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात ते जागे होतात आणि मनासारखी ऊब मिळाली तर वीसेक मिनिटांत दुप्पट. म्हणून कच्चं मांस बाहेर फार तर २ तास, आणि पारा ३२ च्या वर असेल तर १ तास. आता किलोभर कोंबडी तेवढ्यात आतपर्यंत सुटते का, ते तुम्हीच सांगा.

"शिजवल्यावर सगळं मरतंच की!" हा आपला हुकमी एक्का. जंतू मरतात, मान्य. पण स्टॅफिलोकॉकससारख्यांनी आधीच विष सोडलं असेल, तर ते उकळूनही जात नाही. वास घेऊन खात्री करणाऱ्यांनी नाकाला विश्रांती द्यावी. आजारी पाडणारे जंतू वास सोडतीलच असं नाही.

फ्रीज हा खरा उपाय, फक्त त्याला आदल्या दिवशी आठवण लागते. कोंबडी खोलगट भांड्यात घालून सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे तिचं पाणी कोथिंबिरीवर गळणार नाही. किलोभराला साधारण एक दिवस लागतो. सुटल्यावरही ती तिथेच एक-दोन दिवस टिकते. बेत बारगळला तर न शिजवता परत फ्रीझरमध्ये टाकता येते. थोडी कोरडी पडते, एवढंच.

विसरलात? मग गार पाणी. न गळणाऱ्या पिशवीत बंद करून कोंबडी पूर्ण बुडवा आणि दर अर्ध्या तासानं पाणी बदला. हवेपेक्षा पाणी ऊब कितीतरी झपाट्यानं पोचवतं, त्यामुळे अर्धा किलो तासाभरात सुटतो आणि वरचा थरही गार राहतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी मात्र गार नसतं, त्यात बर्फ टाका. गरम पाण्याच्या वाटेला तर जाऊच नका. पाण्यात सुटलेली कोंबडी लगेच शिजवायची. कच्ची परत फ्रीझरमध्ये नाही.

तेव्हा रविवारी रस्सा हवा असेल, तर शनिवारी सकाळी चहाचं दूध काढताना कोंबडी खालच्या कप्प्यात सरकवा.