श्रद्धांजलीकार गुरुजी

बेळगाव-निपाणी भागात मराठी शाळेतून निवृत्त झालेला एक तरी शिक्षक गावोगावी श्रद्धांजलीकार बनतो. हे पद कोणी देत नाही आणि काढूनही घेत नाही. गावात कोणी वारले की तिरडीच्या बांबूंपाठोपाठ गुरुजींना निरोप जातो, "गुरुजी, तुमी जरा ल्हिवून द्या की." गुरुजी चष्मा पुसतात आणि काळ घाला घालतो.

त्यांची शब्दसंपदा मोजकी पण टिकाऊ असते. आधारवड कोसळतो, मायेचे छत्र हरपते, कुटुंबावर दुःखाचा डोंगर पडतो आणि कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण होते. दिवंगत व्यक्ती हयातीत कितीही भांडकुदळ असो, मजकुरात ती मनमिळाऊच असते. दरवर्षी १७ जानेवारीला, १९५६ साली बेळगावात गोळीबारात पडलेल्या हुतात्म्यांना अभिवादन करतानाही हाच साठा थोडा आवाज चढवून कामी येतो. फ्लेक्सवाल्याने तर सगळा मजकूर संगणकात भरूनच ठेवलेला असतो, नाव आणि फोटो तेवढा बदलायचा. घाईत कधी फोटो बदलतो आणि नाव राहून जाते. तरीही मजकुरात चूक सापडत नाही, यातच रोगाचे निदान आहे.

ठरीव वाक्य ओळखण्याची परीक्षा याच चुकीतून मिळते. वाक्यातले नाव काढून शेजारच्या आळीतल्या मयताचे नाव घालावे. वाक्य जराही कुरकुरले नाही, तर ते दोघांपैकी कोणाचेच नाही.

निपाणीतल्या एका बिडी कामगार आजीबाईंचे उदाहरण घेऊ. गुरुजींचा खर्डा असा असतो: "कष्टाळू, प्रेमळ व मनमिळाऊ मातोश्रींच्या निधनाने मायेचे छत्र हरपले." इथे समोरच्या तंबाखू व्यापाऱ्याचे वडील घातले, तर 'मातोश्रीं'च्या जागी 'पिताश्रीं' एवढाच फरक पडतो. मग घरच्यांना विचारायला जावे, तर मुलगा सांगतो, "लई सोसलं बगा तिनं." हेही ठरीवच. दुःखात माणसाच्या तोंडी आधी तयार वाक्येच येतात, त्यात त्याचा दोष नाही. म्हणून "आई कशी होती?" हा प्रश्न निरुपयोगी ठरतो. हात काय करत होते, कोणती वस्तू कुठे असायची, आता घरात काय थांबले, असे विचारावे लागते.

"सूप कुठं ठेवायच्या?" असे विचारल्यावर सून बोलू लागते. उंबऱ्याजवळ, उजेडाला. मांडीवर सूप, सुपात जर्दा, बाजूला पत्र्याच्या मापाने कातरलेली पाने. नात शाळेतून आली की सुपाशेजारी बसून पाढे म्हणायची. आजी हात न थांबवता ऐकायची आणि त्याच वेळी पंचवीसची जुडी मोजायची. नात साताच्या पाढ्यात चुकली की आजीचा आकडाही चुके. मग आजी नातीला एक शिवी हासडून जुडी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेई. आदल्या रात्री भिजवून फडक्यात गुंडाळलेला पाला अजून तसाच पडून आहे, तो सोडायला कोणी धजत नाही.

यातून पाढ्याचा प्रसंग आणि पाल्याचे गाठोडे, एवढे दोन तपशील घेतले तरी पुरे. 'कष्टाळू' आणि 'प्रेमळ' ही विशेषणे आता लिहावी लागत नाहीत, वाचणारा ती आपल्या मनाने घालतो. शिवी मात्र ठेवावी. गुरुजी ती हमखास खोडतात आणि तिच्यासोबत आजीही खोडली जाते. शिवाय प्रसंगाखाली "यावरून त्यांचे नातीवरील प्रेम दिसून येते" असे जोडण्याचा मोह त्यांना आवरत नाही. वर्गात उत्तर फळ्यावर लिहून देण्याची ही जुनी सवय आहे.

उपचाराचा अतिरेकही होतो. एकदा दाद मिळाली की गुरुजींच्या पुढच्या प्रत्येक श्रद्धांजलीत कोणीतरी पाढे ऐकू लागते. बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांच्या सदऱ्यालाही जर्द्याचा वास येतो. दुसऱ्याच्या घरी नेलेला तपशील दोन वापरांत आधारवडाइतकाच ठरीव होतो. आणि काही तपशील खरे असूनही लिहायचे नसतात: उधारी, दारू, भावकीतला दावा. ते घरच्यांना विचारल्याशिवाय कागदावर उतरवू नयेत.

वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेला मात्र यातले काहीच लागू करू नये. तिथली चौकट जुनी आहे आणि ती कामाची आहे. मागे कोण कोण आहे आणि रक्षाविसर्जन किती वाजता, हे चंदगडहून पहिल्या बसने निघणाऱ्या पाहुण्याला एका नजरेत कळावे लागते. गुरुजींनी तिथे एकदा पाल्याच्या गाठोड्यापासून सुरुवात केली, तेव्हा वेळ शेवटच्या ओळीत गेली आणि जागेअभावी ती ओळच कापली गेली. पाहुणे पोचले तेव्हा रक्षाविसर्जन आटोपून मंडळी चहा घेत बसली होती.