सेवेचे प्रकार, परिसर आणि ‘आलोच’

‘सेवेचे प्रकार’ या रकान्यात काय लिहायचं, असं मी विचारलं तर भाऊ म्हणाले, “लिहून टाका ना काकू, सगळंच.”

हे आमच्या कॉलनीतले लाइटवाले भाऊ. घरपोच सेवांच्या एका ॲपवर त्यांची नोंदणी करायला त्यांच्या मुलानं घेतली होती, पण पहिल्याच पानावर बापलेकांचं वाजलं आणि फॉर्म माझ्याकडे आला. मी शाळेत मराठी शिकवायचे. त्यामुळे जगात जे काही लिहायचं उरलंय ते मीच लिहायचं, असा कॉलनीचा समज आहे. वर्गणीच्या पावतीपासून तेरवीच्या निरोपापर्यंत सगळा मजकूर माझ्या हातून जातो. आता त्यात फ्यूजची भर.

‘सगळंच’ हे उत्तर ॲपला चालत नव्हतं. त्याला खुणा करून हव्या होत्या. पंखा होता, गीझर होता, इन्व्हर्टर होता. छताला झुंबर टांगून देण्याचीही सोय होती. कूलर मात्र नव्हता. भाऊंनी चष्मा पुसून यादी खालपासून वर पुन्हा पाहिली आणि विचारलं, “हा फॉर्म बनवणारा मे महिन्यात कधी नागपूरले आला नाही काय?”

प्रश्न रास्त होता. २३ मे २०१३ ला या गावानं ४७.९ अंश पाहिले आहेत. २०२४ च्या मे अखेरीस तर रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवून देशभर खळबळ उडवून दिली होती. मग हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सर बिघडला होता. त्यावर भाऊंचं म्हणणं असं, की मला बोलावलं असतं तर आधीच पाहून दिलं असतं. ते असो. इथल्या इलेक्ट्रिशियनचा उन्हाळा कूलरवर जातो. पंप जाम झाला, ताटीवर पाणी चढत नाही, मोटार गुरगुरते पण पातं फिरत नाही, हे त्यांचं रोजचं काम. यातली गुरगुरणारी मोटार बहुतेकदा कपॅसिटर गेल्यामुळे अडते. पातं हातानं ढकलल्यावर ते फिरू लागलं तर मोटार शाबूत आहे हे कळतं, आणि गिऱ्हाइकानं ही परीक्षा बोटानं करू नये हेही भाऊ लगेच सांगतात.

शेवटी ‘इतर’ या खणात आम्ही कूलर टाकला. टुल्लू पंपाची दुरुस्ती लिहायला ते तयार नव्हते. नळाला टुल्लू लावून पाणी ओढणं बेकायदा आहे आणि उन्हाळ्यात मनपाची माणसं ते जप्त करत फिरतात. “येते मले,” भाऊ म्हणाले, “पण लिहाचं नाही.”

परिसराचा रकाना त्याहून अवघड निघाला. ॲपनं आमच्या घराभोवती पाच किलोमीटरचं गोल वर्तुळ काढून दाखवलं. भाऊंचं नागपूर मात्र गोल नाही. ते रेल्वेच्या रुळांनी चिरलेलं आहे. रुळाअलीकडचं गिऱ्हाईक सहा किलोमीटरवर असलं तरी शेजारी, आणि रुळापलीकडचं दीड किलोमीटरवर असलं तरी परगावचं. त्यातही ऋतू आहेत. पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी साचलं की पलीकडचा सगळा भाग त्यांच्या सेवेतून वजा होतो. तान्ह्या पोळ्याला मारबती निघतात, त्या दिवशी महाल-इतवारीत जायचं नाही. हिवाळी अधिवेशनात मोर्चे असले की बर्डी बंद. हे सगळं त्या वर्तुळात कसं बसवायचं? मी ‘दक्षिण-पश्चिम नागपूर’ लिहिलं. भाऊंना ते मतदारसंघाचं नाव वाटलं, कारण ते आहेच. “लोक समजतील मी उभा राहून राहिलो,” म्हणाले.

मग आला प्रतिसादाचा वेळ. पर्याय होते अर्धा तास, एक तास, दोन तास, त्याच दिवशी. भाऊंना पाच मिनिटं हवी होती आणि ती यादीत नव्हती. नेमका त्याच वेळी त्यांचा फोन वाजला. नरेंद्रनगरच्या एक बाई होत्या. कूलर लावला की घरातली लाइन जाते, आणि मघाशी पोरगा खिडकीच्या गजाला टेकला तर त्याला मुंग्या आल्यासारखं झालं.

भाऊ खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. आधी विचारलं, शेजाऱ्याकडे लाइन आहे का. आहे म्हणाल्या. नसती तर खांबावरचं किंवा डीपीतलं काम, ते महावितरणचं. १९१२ लावा म्हणून त्यांनी फोन ठेवला असता. मीटरच्या सीलला खाजगी माणसानं हात लावायचाच नसतो. दुसरा प्रश्न, खाली कोणतं बटन पडतं, साधं की ज्याच्यावर ‘टी’ लिहिलेलं लहान बटन आहे ते? ‘टी’वालं. तिसरा प्रश्न, लावल्याबरोबर पडतं की थोडं थांबून? पाण्याचा पंप लावल्याबरोबर, नुसत्या पंख्यावर नाही.

“बाई, कूलरची सुच बंद करा, मेन बंद करा, मग पिन काढा. पोराले गजापासून दूर ठेवा. मी आलोच पाच मिनटात.”

फोन ठेवून त्यांनी मला समजावलं. साधी एमसीबी भार जास्त झाला की पडते. जरा वेळानं पडली तर भार जास्त आणि क्षणात पडली तर शॉर्ट. ‘टी’वाली ती आरसीसीबी, जिला सगळं गाव ईएलसीबी म्हणतं. तिला भाराशी घेणं नाही. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत आली का, एवढंच ती मोजत बसते. घरातल्या आरसीसीबीला साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडते, कारण तो फरक कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकतो. मला ती फार आवडली. आमच्या शाळेच्या हेडक्लार्क बाईंचा हिशेब असाच होता.

रकाना भरायचाच होता, म्हणून त्यांच्या मागोमाग मी स्कूटी काढली. पाच मिनिटांत आम्ही चौकापर्यंत पोचलो. तिथे एकानं हात दाखवून भाऊंना थांबवलं आणि आपल्या गीझरची कैफियत ऐकवली. पुढे दुकानात नवा पंप, तीन पिनांचा टॉप आणि हिरवी वायर घेतली. दुकानदाराचा चहा नाकारणं त्यांच्या धंद्यात बसत नाही. नंतर ते एका झाडाखाली उभे राहून त्या बाईंनाच फोनवर सांगत होते, “गल्लीतच आलो.” पोचेपर्यंत तास होत आला. घरात शिरताच बाई म्हणाल्या, “लवकर आले हो भाऊ!” आदल्या माणसानं तीन दिवस ‘आलोच’ म्हटलं होतं.

कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर होता आणि त्याची कड गजाला चिकटलेली होती. टॉप दोन पिनांचा. आतली हिरवी वायर कुणीतरी कापून टेपानं गुंडाळून ठेवली होती. भाऊंनी पंप पाण्याबाहेर काढला. खारं पाणी साचून त्याच्यावर पांढरी पुटं चढली होती आणि बुडाच्या सीलला केसाएवढी चीर होती. त्या चिरेतून पाणी वायंडिंगपर्यंत जायचं, आणि तिथून वीज पाण्यात, पाण्यातून पत्र्यात, पत्र्यातून गजात.

मग त्यांनी पिशवीतून होल्डर काढला. त्याला शंभराचा पिवळा बल्ब आणि दोन लांब वायरी. टेस्टर नुसत्या वासावरही पेटतो, बल्ब खोटं बोलत नाही, असं म्हणून त्यांनी एक वायर फेजला आणि एक अर्थिंगला लावली. अर्थिंग चांगलं असतं तर बल्ब पेटायच्या आतच आरसीसीबी पडायला हवी होती. ती पडली नाही आणि बल्बची तार लालसरही झाली नाही. वीज जमिनीत जायला वाटच नव्हती. “पोराची वाट मात्र होती,” भाऊ म्हणाले, आणि त्यानंतर बराच वेळ बोलले नाहीत. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या धक्क्यानं माणसं गेल्याच्या बातम्या येतातच.

अर्थिंगचा खड्डा अंगणात कुंडीखाली होता. आमची काळी माती मे महिन्यात अशी भेगाळते की पुरलेला रॉड हवेत उभा राहतो. भाऊंनी मेन पाडून बाईंकडून बादलीभर पाणी मागवलं, रॉडवरची गंजलेली क्लिप खरवडली, नट आवळला आणि पाणी ओतलं. मेन चालू करून पुन्हा बल्ब लावायला गेले तर खट्! आरसीसीबी पडली. घरात अंधार झाला आणि भाऊ असे खुश झाले जसं काही दिवाळी लागली. बाईंना काय झालं ते कळेना. लाइन गेल्यावर हसणारा इलेक्ट्रिशियन त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

नवा पंप बसला, तीन पिनांचा टॉप लागला, हिरवी वायर कूलरच्या पत्र्याला घट्ट झाली. हे होईस्तोवर घरातले काका बाहेर आले आणि व्यवहाराचं बोलले. “ते खालचं बटन सारखं पडते, त्याले डायरेक्ट नाही का करून देत? मागचा करून देणार होता.” भाऊंनी हात जोडले आणि सांगितलं, खड्ड्यात मीठ-कोळसा भरून घ्या, उन्हाळाभर त्यात रोज पाणी टाका, पण ते बटन डायरेक्ट करायचं असेल तर मागच्यालाच बोलवा.

घरी येऊन मी रकाना भरला. ‘फोनवर तात्काळ, घरी तासाभरात, ईएलसीबी डायरेक्ट करून मिळणार नाही.’ ॲपनं शेवटचं वाक्य नकारात्मक म्हणून परत पाठवलं. मी ते हट्टानं ‘विशेष कौशल्य’ या सदरात पुन्हा घातलं, तिथे ते पास झालं. आयटीआयचा दाखला आणि वायरमनचा परवाना चढवला. फोटोत भाऊ लग्नातल्या सफारीत आहेत, कारण दुसरा फोटो नव्हता.

पहिली मागणी दोनच दिवसांत आली. ‘कूलर स्टँडवरून उतरवून दुरुस्त करणे.’ ॲप एकच मागणी अनेकांना विकतं हे आम्हाला माहीत नव्हतं. भाऊ पोचले तेव्हा दारात आणखी दोघं पिशव्या घेऊन उभे, त्यातला एक तर त्यांच्याच हाताखाली शिकलेला. भांडण होईल असं वाटलं होतं. पण लोखंडी कूलर पाण्यासकट एका माणसाला कधीच उतरत नाही. तिघांनी मिळून तो उतरवला, चेला पंपाला बसला, तिसरा ताट्या झाडू लागला आणि भाऊंनी बल्ब काढला. पैसे तिघांत वाटले गेले. अडलं ते शेवटी. गिऱ्हाईक मोबाइल हातात धरून विचारत होतं, “पाच तारे कोणाले देऊ?” आणि ॲपमध्ये नाव एकच निवडता येत होतं.