काठावर बसायचं न्हाई

आमच्या मावशीला कुणाचाही फोटो दाखवा, ती आधी पदरानं मोबाइलची काच पुसते, कपाळावरचा चष्मा नाकावर आणते आणि फोटोतल्या बाईच्या तोंडावर अंगठा ठेवते. पूर्ण तोंड झाकलं पाहिजे. "तोंड पाहिलं की माणूस भुलतं," असं तिचं म्हणणं. "आपल्याला गळ्याचं काम हाय, तोंडाचं न्हाई." अंगठ्यानं फोटो सरकतो, कधी भलत्यालाच फोन लागतो, एकदा तर परळीच्या व्याह्यांना रात्री साडेदहाला लागला. तरी पद्धत बदलत नाही.

गंगाखेडात आमच्या आळीत कुणाच्या घरी लग्न ठरलं की सराफाकडं जायच्या आधी मावशीकडं फोटो येतो. ती सोनारही नाही आणि तिचं दुकानही नाही. सासरचं घर पाटवेकऱ्याच्या ओट्यासमोर होतं, तिथं बसून तिनं वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या पोती गाठवताना पाहिल्या, एवढंच तिचं शिक्षण. मात्र कुणाचा दागिना कुणाला तात्पुरता घालायला दिलेला तिला चालत नाही. "देव आपलं पदक जनाबाईपाशी विसरला तर आळ तिच्यावर आला. आपण तर साधी माणसं," असं म्हणून ती विषय संपवते. जनाबाईच्या गावात या युक्तिवादाला उत्तर नसतं.

तर माझ्या पुतणीचं लग्न ठरलं. पोरगी पुण्यात नोकरीला. तिनं तिथूनच फोटो पाठवला: हात लांब करून, मोबाइल डोक्याच्या वर धरून काढलेला.

मावशीनं अंगठा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"मान कुठाय?"

"आहे की, ही काय."

"ही हनुवटी हाय. हनुवटीच्या खाली डायरेक ब्लाउज हाय. मधली मान पोरीनं पुण्यातच ठेवली का?"

खरं तर पुतणीची मान चांगली लांब आहे. पण मोबाइल वरून धरला की हनुवटी पुढं येते आणि मान तिच्याखाली लपते; खालून धरला की आखूड मानही बगळ्यासारखी होते. शिवाय हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत तोंड मोठं होतं आणि गळा त्या मानानं बारीक दिसतो. अशा फोटोवर दागिना निवडणं म्हणजे दुसऱ्याच बाईसाठी निवडणं. आमच्या शेजारणीनं अशाच फोटोवरून सुनेला चिंचपेटी केली. ती चिंचपेटी घातल्यावर सुनेला खाली बघता येत नाही. ताटातली भाजी कुठली ते ती वासावरून ओळखते.

मावशीचा हुकूम गेला. फोटो दुसऱ्यानं काढायचा. पाच-सहा फूट लांब उभं राहायचं, मोबाइल गळ्याच्या उंचीवर धरायचा. केस वर बांधायचे, खांदे सैल सोडायचे. लग्नात जे ब्लाउज घालणार तेच घालायचं. फोटो गुळगुळीत करणारं काहीही चालू ठेवायचं नाही, कारण त्यात गालाबरोबर गळ्याची हाडंही पुसली जातात. आणि गळ्याच्या खळग्यात दहाचं नाणं चिकटवायचं.

"नाणं कशाला?" पुतणीनं फोनवर विचारलं.

"अगं माय, फोटोत इंच कुठं असतो?"

हे मात्र मला पटलं. फोटोत काहीतरी असं पाहिजे, ज्याचं माप आपल्याला आधीच ठाऊक आहे. दहाचं नाणं २७ मिलिमीटर रुंद असतं, म्हणजे इंचाला थोडं वर. ते गळ्यावरच पाहिजे. हातात पुढं धरलं तर मोठं दिसतं आणि सगळा हिशेब चुकतो. पुतणीनं टिकलीच्या गोंदानं चिकटवलं, ते दोनदा सुटून ब्लाउजात गेलं. तिसऱ्यांदा तिच्या मैत्रिणीला हसू आवरेना, म्हणून तो फोटो हलला. चौथा आला तो ठीक आला.

मग मावशीनं खराट्याची काडी मागवली. ती काडी म्हणजे तिचं हत्यार. मोबाइलवर नाण्याएवढी काडी मोडली आणि खळग्यापासून ब्लाउजच्या काठापर्यंत एकेक पाऊल टाकत उतरली. तीन नाणी, आणि वर नाण्याचा तिसरा हिस्सा. मी हिशेब केला: नव्वद मिलिमीटर, साडेतीन इंच. मावशीनं माझ्याकडं न बघताच "साडेतीन" म्हटलं होतं.

"आता घेर."

फोटोत मानेची रुंदी दिसते, पण मान मागं किती गोल आहे ते दिसत नाही. तिथं फोटो थांबतो आणि दोरा लागतो. पुतणीनं दोरा गळ्याभोवती असा टाकला की पुढं तो खळग्यात टेकेल, मग तो पट्टीवर मोजला. पंधरा इंच. म्हणजे तिच्या गळ्यात पंधरा इंचांचा दागिना बरोबर खळग्यात बसणार. शेजारणीच्या सुनेला तोच सतरा लागला असता. दुकानातली मुलगी "सोळा इंच सगळ्यांना येतो हो काकू" म्हणते तेव्हा मावशी पाण्याचा ग्लास मागते.

पुढचं गणित सोपं आहे, पण त्यात शिकलेली माणसं फसतात. मीही फसलो. मला वाटलं, हार दोन इंच लांब घेतला की दोन इंच खाली येणार. मावशीनं गाठवायचा दोरा माझ्याच गळ्यात टाकून दाखवलं. दोऱ्याला दोन बाजू असतात, डावी आणि उजवी. दोन इंच वाढवले तर वाट्याला एकेक येतो. हार खाली उतरतो तो इंचभरच, फार तर किंचित जास्त. म्हणजे पुतणीचा काठ खळग्यापासून साडेतीन इंच खाली, तर साडेतीनाची दुप्पट सात, पंधरा आणि सात बावीस. बावीस इंचांचा हार तिच्या ब्लाउजच्या काठावर नेमका बसेल.

"आणि काठावर बसायचं न्हाई," मावशी म्हणाली. हे तिचं ब्रीदवाक्य. "पाण्यात तरी उतर, न्हाईतर घाटावर बस. पायरीच्या कोरेवर बसलं की घसरलं." गोदावरीच्या घाटावर जन्म काढलेल्या बाईला दुसरी उपमा कशाला सुचेल? तसं ते खरंही आहे. काठावर पडलेला हार अर्धा कातडीवर, अर्धा जरीवर राहतो. हललं की पदक काठात अडकतं आणि फोटोत ब्लाउजलाच फुलं लागल्यासारखी दिसतात. काठाच्या वर किंवा खाली निदान इंचभर जागा पाहिजे.

मग हाडं. पुतणी बारीक, गळ्याखालची दोन्ही हाडं छान वर आलेली. हिंदीत त्या हाडाला आणि गळ्यातल्या कड्याला एकच शब्द आहे, हँसली. आपल्याकडं हासळी चांदीची असायची. पण अशा हाडावरच ताठ दागिना ठेवला की तो दोन उंचवट्यांवर उभा राहतो, मधे फट पडते आणि बोलताना डुलतो. "हाड बोलायलंय, त्याला बोलू दे," असं म्हणून मावशीनं हाडांची पट्टी मोकळी सोडली. ठुशी वर, खळग्यात, पंधरा इंचांवर; मागं गोंड्याची दोरी असते, त्यामुळं कमी-जास्त करता येते. चिंचपेटीही चालली असती, कारण हनुवटी आणि खळग्यात तिची चार बोटं सुखानं बसत होती. तीन बसली तर ठुशी, आणि दोनच बसली तर वर काहीच नको, सरळ बोरमाळ, हा मावशीचा कायदा.

मी म्हटलं, "मग खाली एकोणीस इंचांचा हार घेऊ. काठाच्या दीड इंच वर येईल."

मावशीनं माझ्याकडं दयेनं पाहिलं. "आन् मंगळसूत्र कुठं घालशील? तुझ्या गळ्यात?"

छोटी पोत अठरा इंचांची ठरलेली होती, म्हणजे खळग्याखाली दीड इंच. तिच्याखाली अर्ध्या इंचावर हार आला की सप्तपदी संपायच्या आत दोन्हींचा गुंता. तेव्हा मधली जागा मंगळसूत्राची, आणि तिसरा दागिना थेट ब्लाउजवर उतरणारा: अठ्ठावीस इंचांची मोहनमाळ. ती काठाच्या चांगली तीन इंच खाली येते. तिची डावी बाजू पदराखाली जाणार, हेही मावशीनं धरलं होतं. फोटोत पदर नसतो, त्यामुळं दोन्ही बाजू सारख्या दिसतात; साडी नेसली की डावा अर्धा गळा पदराचा. म्हणून नक्षी मधोमध किंवा उजवीकडं दिसेल अशीच पाहिजे. सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेलेला, आणि निम्मी नक्षी पदराखाली घालायची?

सगळं ठरलं, आलं, लग्न लागलं. आणि मुलाकडच्यांनी सुनेला हार घातला. देखणा, घसघशीत, मधे मोराचं पदक. मोर थेट ब्लाउजच्या काठावर जाऊन बसला.

मी मावशीकडं पाहिलं. तिच्या ओठांचा आकार मला दुरूनही कळला: "बावीस."

दुसऱ्याच्या आहेराला नाव ठेवायची ती नाही. विहीणबाईंना "हार लई गोड हाय हो" म्हणत ती स्टेजवर चढली, नवरीचा खोपा नीट करायच्या मिषानं मागं गेली आणि बटव्यातून सहा इंचांचा गोफ काढला, दोन्ही टोकांना आकडे लावलेला. हा गोफ ती प्रत्येक लग्नाला नेते. हाराचा फासा सोडला, मधे गोफ जोडला, जोड गजऱ्याखाली लपवला. बावीस आणि सहा अठ्ठावीस. मोर तीन इंच खाली उतरून जरीवर ऐटीत बसला. त्याच उंचीवरची मोहनमाळ एव्हाना मावशीच्या बटव्यात गेली होती, आणि ती नवरीच्या आईकडं कधी पोचवली ते कुणाला दिसलं नाही.

"झालं," खाली येऊन ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर टेकली. आइस्क्रीमचा कप हातात घेतला. चमचा तोंडापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

स्टेजसमोर फोटोग्राफर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढला होता. कॅमेरा डोक्याच्या वर धरून म्हणत होता, "वहिनी, इकडं वर बघा."

"ए बाबा!" मावशीचा आवाज बँडवरून गेला. "उतर आधी खाली! मान खायलास तिची!"