सत्कार समितीच्या कार्यवाह महाशयांस खुले पत्र



मालवणच्या सत्कारात बाबांना दिलेलं सन्मानचिन्ह आता आमच्या घरी आहे. त्यावर कोरलंय ‘परुलेकर’. आमचं आडनाव परुळे गावावरून आलेलं, आणि तिथे ‘ळ’ आहे. आभाराचं भाषण तुम्ही तीनदा तपासलंत. पाटीवरच्या चार ओळी एकदाही वाचाव्याशा वाटल्या नाहीत?

तुम्ही नाव मोबाइलवर रोमन लिपीत धाडलंत, Parulekar असं. त्या अक्षरांत ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट सगळे एकच. दुकानदाराने अंदाज केला. तो म्हणाला होता, “नाव देवनागरीत लिवन धाडा, मगे मशिनीक हात लावतलंय.” तुम्ही त्याला घाई केलीत.

चूक दिसल्यावर कुणीतरी ‘ल’ खरवडला. लाकडी दिसणारी ती पाटी म्हणजे दाबीव बोर्डावर चिकटवलेला सागाचा पातळ पापुद्रा. लेझर अक्षर जाळून आत उतरवतं, म्हणून खरवडताना पापुद्राच निघाला. आता तिथे नखाएवढा फिकट डाग आहे.

आता वेळेचं. 1 जूनला जन्मलेला कर्मचारी 31 मे रोजी निवृत्त होतो, आणि शाळेच्या दाखल्यांवर 1 जून ही जन्मतारीख किती जणांची असते ते तुम्हीच जाणता. त्यामुळे मे अखेरीस सत्कारांची गर्दी, त्यातच लग्नसराई आणि चाकरमान्यांची लगबग. पाठोपाठ जूनचा पाऊस, त्यात पॉलिश लवकर वाळत नाही. बाबांच्या निवृत्तीची तारीख वर्षानुवर्षं ठरलेली होती आणि तुम्ही ऑर्डर 28 मेला दिलीत. निदान तीन आठवडे हवे होते: एक कामाला, एक पॉलिशला, आणि एक चूक निघाली तर पाटी पुन्हा करायला. हा तिसरा आठवडा तर सगळ्यात आधी धरायचा.

नुसता मेसेज तपासून भागत नाही, हेही ऐका. बरेच कारागीर अजून जुने मराठी फॉन्ट वापरतात. मोबाइलवरचा मजकूर त्यात बदलून घेताना ‘शिक्षक’मधली वेलांटी भलत्याच अक्षरावर बसू शकते, जोडाक्षरं फुटू शकतात. शिवाय कोरण्याआधी अक्षरांच्या रेषा करून टाकतात, मग टाइप करून दुरुस्ती होत नाही. म्हणून त्याआधी अंतिम मांडणीचा फोटो मागवायचा, कागदावर खऱ्या आकारात छापायचा आणि ज्याने मजकूर लिहिला नाही अशा घरच्या माणसाकडून अक्षर अक्षर मोठ्याने वाचून घ्यायचा. आमच्या घरी हे काम आईने दोन मिनिटांत केलं असतं. तुम्ही फोनच केला नाहीत.

पाटी नवी करून द्या. मजकूर मी हाताने लिहून, सहीनिशी धाडते. प्रूफवर आईची सही झाल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, एवढं दुकानात सांगा.

आपली,
परुळेकर सरांची मुलगी